सुटे पक्षी, एक थवा

"थव्याचं किंवा माशांच्या झुंडीचं वर्णन करायला गेलं की सगळ्याचा मिळून एक काळा ढग होतो. एकेक जीव सुटा कसा ठेवायचा?"

पिसं आणि चोची रंगवून काही होत नाही, हे आधी सांगतो. सुटेपणा दिसतो तो शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधल्या फटीत आणि किंचित उशिरात. ‘थवा एकदम वळला’ या वाक्याचा घात ‘एकदम’ करतो, कारण एकदम कोणी वळतच नाही.

हिवाळ्यात रोमच्या आकाशात संध्याकाळी स्टार्लिंगचे प्रचंड थवे उडतात. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी एकाच क्षणी वेगवेगळ्या जागांहून फोटो काढून एकेका पक्ष्याची हवेतली जागा शोधली. 2008 साली त्यांनी मांडलं की पक्षी साधारण सहा-सात लगतच्या शेजाऱ्यांचाच अंदाज घेतो, मग ते खेटून असोत की लांब. थवा ताणला गेला तरी तुटत नाही तो यामुळे. पुढच्या अभ्यासात वळणाचीही उकल झाली. मोजके पक्षी आधी कलतात आणि ते कलणं शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातं. 400 पक्ष्यांमधून ते पार व्हायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो.

मला यातली सगळ्यात कामाची गोष्ट वेगळीच वाटते. संचलनातली रांग वळते तेव्हा बाहेरचा माणूस भराभर पावलं टाकून रांग सरळ ठेवतो. स्टार्लिंग तसं करत नाहीत. प्रत्येक जण जवळपास आपल्याच वेगाने, सारख्याच त्रिज्येचं वळण घेतो. त्यामुळे थवा डावीकडे काटकोनात वळला, की आघाडीवरचा पक्षी उजव्या कडेला जातो आणि डाव्या कडेचे आघाडीवर येतात. वळणागणिक जागांची अशी अदलाबदल होते, आणि वर्णनात नेमकी तीच गाळली जाते.

मी ते असं लिहीन: ‘कडेचे चार-पाच डावीकडे कलले. मग त्यांच्या लगतचे, मग त्यापलीकडचे. शेवटचे कलेपर्यंत पहिले सरळही झाले होते. मघाशी सगळ्यांच्या पुढे असलेला आता उजव्या कडेने उडत होता.’ यात पक्ष्याचा रंगसुद्धा आलेला नाही, तरी ते मोजता येतील असे वाटतात.

लिहून झाल्यावर ‘थवा’च्या जागी ‘धूर’ घालून वाचा. वाक्य बिनबोभाट चाललं, तर त्यात पक्षी नाहीत.

माशांमध्ये हाच उशीर चकाकीतून दाखवता येतो. मासा कलला की त्याच्या चंदेरी कुशीवर प्रकाश पडतो, म्हणून एका टोकाचे विझत असतात तेव्हा दुसऱ्या टोकाचे चमकतात. कळपात कान, शिंगं, धूळ असं बरंच हाताशी असतं, तिथे अडचण कमी येते.

अर्थात थवा खूप लांब असेल तर डोळ्यांनाही ढगच दिसतो. तेव्हा ढगच लिहावा. तिथे पंख मोजत बसलात तर बघणाऱ्याच्या हातात दुर्बीण कुठून आली, हे आधी सांगावं लागेल.