कृष्णाई निवासची पाटी

कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शॉपमध्ये थ्रीडी प्रिंटची कामं येतात ती बहुतेक यंत्राच्या सुट्या भागांची. नावाच्या पाट्या मी शक्यतो घेत नाही. भागात दोन दशांश इकडेतिकडे झाले तर फाइल मारून बसवता येतं. पाटीवरचं एक अक्षर बिघडलं की पाहुण्यांना दारातूनच दिसतं. पण हा पोरगा पेनड्राइव्ह घेऊन दारात उभा राहिला. उद्या सकाळी वास्तुशांत, आणि पाटी करून देतो म्हणणाऱ्याने ऐनवेळी नुसती फाइल हातात ठेवलेली. सोबत आजोबा. त्यांनी गणपती पेठेत आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या.

फाइल स्क्रीनवर सुंदर दिसत होती. 150 मि.मी. लांबीची पाटी, त्यावर उठावात 'कृष्णाई निवास', लग्नपत्रिकेतल्यासारखं जाड-बारीक वळणाचं अक्षर. खाली पत्त्याची ओळ, तीही उठावातच.

मॉडेलचे थर पाडणाऱ्या स्लायसरमध्ये घेऊन प्रीव्ह्यू लावला आणि थरांची पट्टी वर सरकवत नेली. अक्षरांच्या पहिल्या थरालाच दोन गोष्टी दिसल्या. एक, शिरोरेषा सलग नव्हती. प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर एक बारीक उभी फट. दुसरी, 'कृ'च्या खालची शेपटी आणि 'ष्ण'मधली जोडाची रेघ गायब.

"आमच्या संगणकावर तर दिसत होतं," पोरगा म्हणाला.

मॉडेलमध्ये होतंच. पण 0.4 च्या नोझलमधून साधारण 0.45 मि.मी. रुंदीची रेघ पडते. मी मापून बघितलं तर शेपटी सगळ्यात बारीक जागी 0.25 होती. भिंती आखायच्या Classic पद्धतीत स्लायसर अशी रेघ सोडूनच देतो. Arachne पद्धत लावली की ती उमटते, पण एकाच पदराची. 1 मि.मी. उंच, एका धाग्याची उभी भिंत म्हणजे पहिल्या पुसण्यात फडक्याबरोबर येणार. त्यामुळे प्रीव्ह्यूत 'दिसली' एवढ्यावर मी कधी थांबत नाही. किती पदर पडलेत ते मोजतो. उठावाच्या रेघेला निदान दोन्ही बाजूंचे काठ पडण्याएवढी जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर अर्धा मि.मी. तरी हवाच.

फटींचं कारण वेगळं. देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावरची रेघ स्वतःबरोबर आणतं, आणि सांधा दिसू नये म्हणून ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढवलेली असते. कागदावर छापताना शाईवर शाई पडते, काही बिघडत नाही. पण त्याच बाह्यरेषा एकत्र न करता मॉडेलमध्ये आल्या, तर काही सॉफ्टवेअर 'दोनदा झाकलेला भाग म्हणजे पोकळ' असा हिशोब करतात. जिथे रेघा एकमेकींवर चढल्या, तिथेच भोक. इंग्रजी नावांत अक्षरं सुटी असतात, त्यामुळे ज्यांनी तेवढ्याच पाट्या केल्यात त्यांना हे सहसा भेटतच नाही.

ती फाइल दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. फॉन्ट पोराकडे होता. Inkscape मध्ये नाव नव्याने टाइप केलं, Object to Path केलं, ग्रुप सोडवला आणि सगळं निवडून Union. शिरोरेषा एका झटक्यात अखंड झाली. पान मजकुराएवढं कापून SVG जतन केली.

आता रेघ जाड करायची. कोड लिहून मॉडेल करायच्या OpenSCAD मध्ये offset आहे, बाह्यरेषा सगळीकडून सारखी फुगवतो. 0.15 दिलं की रेघ दोन्ही बाजूंनी मिळून 0.3 ने वाढते, 0.25 ची 0.55 झाली. मला बरं वाटलं. आजोबा मात्र स्क्रीनजवळ आले, चष्मा वर केला आणि 'ष्ण'वर बोट ठेवलं.

"रेघ जाड केलीस, पण पोट बुजतंय बघ."

बरोबर होतं. तिथली मूळची फट 0.6 होती. रेघेने जे कमावलं ते फटीने गमावलं, उरली 0.3. एवढ्या फटीत दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक थोडं पसरून एकमेकाला चिकटतं. offset मध्ये रेघ आणि फट एकाच खात्यातून खर्च होतात, म्हणून नुसतं फुगवून सुटका नाही.

"आम्ही काय करायचो, फळी मोठी मागायचो," आजोबा म्हणाले.

आमचा बेड 220 मि.मी. चा. पाटी 200 ची केली आणि नाव 1.4 पटीने वाढवलं, म्हणजे 120 चं 168. शेपटी 0.35 झाली, फट 0.84. आता offset फक्त 0.1 पुरला: रेघ 0.55, फट 0.64. दोन्ही बसलं, आणि अक्षराचं वळणही राहिलं.

पत्त्याची ओळ मी उठावातून काढून कोरीव केली. 6 मि.मी. च्या अक्षरावरचा अनुस्वार उठावात म्हणजे मोहरीएवढा सुटा खांब. नोझल त्यावर क्षणभर टेकतं, तार ओढतं आणि पुढे जातं. तो ठिपका टिकला तर नशीब. कोरीवमध्ये तोच ठिपका खड्डा होतो, खड्डा पडून जात नाही. फक्त तिथे हिशोब उलटा: रेघ म्हणजे पोकळी, ती बुजता कामा नये, आणि अक्षराच्या पोटातला तुकडा हाच बारीक खांब ठरतो. म्हणून तिथे वळणदार अक्षर नको, सरळ Mukta Bold घेतला. आजोबांना तो आवडला नाही. "सरकारी दिसतंय," म्हणाले. पण पत्त्याला चालेल म्हणून सोडून दिलं.

```
difference() {
  cube([200, 75, 3]);
  translate([16, 10, 2.2]) linear_extrude(1)
    import("patta.svg");
}
translate([16, 32, 2.8]) linear_extrude(1.2)
  offset(r = 0.1) scale(1.4) import("nav.svg");
```

इथले आकडे मुद्दाम असे आहेत. पाटी 3 मि.मी. जाड, पण नाव 2.8 पासून सुरू होतं, म्हणजे 0.2 आत रुतलेलं. बरोबर 3 वर ठेवलं तर दोन पृष्ठभाग नुसते टेकतात आणि अक्षरं पाटीशी एकजीव होतीलच याची खात्री नसते. कोरतानाही कापणारा आकार पाटीच्या वर 0.2 बाहेर काढलाय, नाहीतर खड्ड्यावर शून्य जाडीचा पापुद्रा राहू शकतो. आणि 0.2 च्या थरात सगळं पूर्ण थरांत बसतं: कोरीव चार थर खोल, उठाव पाच थर उंच.

याचा फायदा रंगाला झाला. कोरलेल्या अक्षरांत रंग भरायचा तर तो थरांच्या रेघांतून बाहेर झिरपतो, कितीही पुसा. त्यापेक्षा 2.2 पर्यंत काळं, तिथून 3 पर्यंत पांढरं, वरचं नाव पुन्हा काळं. प्रीव्ह्यूच्या पट्टीवर 2.4 आणि 3.2 च्या थराला रंगबदल टाकला. त्या जागी फाइलमध्ये M600 येतो आणि मशीन थांबून नवं फिलामेंट मागतं. खड्ड्याचा तळ आपोआप काळा.

फिलामेंट PETG घेतलं. दार पश्चिमेला होतं, आणि PLA साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. सांगलीच्या एप्रिलमध्ये तापल्या भिंतीवर पाटी वाकायला वेळ लागत नाही. PETG तारा जास्त ओढतं, त्या हॉट एअर गनने लांबूनच उडवल्या.

रात्री पाटी निघाली तेव्हा आजोबांनी आधी 'कृ'च्या शेपटीला नख लावून बघितलं. हलली नाही. मग पोराने विचारलं, ऑफिसच्या टेबलासाठी अशीच एक उभी ठेवायची करता येईल का. येईल म्हटलं, पण आडवीच छापायची आणि मागे पाय वेगळा चिकटवायचा. उभी छापली तर शिरोरेषेची खालची कड सलग हवेत येते आणि तिथे प्लॅस्टिक लोंबतं. उभीच हवी असेल तर उठाव 0.6 वर आणायचा, नाहीतर अक्षरांची खालची कड पंचेचाळीस अंशांत उतरती करायची.

"उतरती करा," आजोबा म्हणाले, "सावली बरी पडेल."