ठरलेल्या फोनचा निरोप

दूर राहणाऱ्या माणसाशी असलेले नाते भांडण न होता संपते, तेव्हा ते संपले हे दाखवणारे फारसे काही घडतच नाही. एकाच शहरातल्या जोडप्याला निदान एकमेकांची पुस्तके परत करायची असतात आणि फर्ग्युसन रस्त्यावर अवचित गाठ पडण्याची धास्ती असते. पुणे आणि बर्लिन यांच्यामध्ये यातले काहीच होत नाही. ठरलेल्या वेळी येणारा फोन यायचा थांबतो, एवढेच. म्हणून अशा नात्यात निरोपाचे पत्र लिहावे, असे माझे मत आहे. मात्र त्या पत्राने निर्णय कळवू नये. निर्णय दोघांनी फोनवर, एकमेकांचा आवाज ऐकत घ्यावा आणि पत्र त्यानंतर काही दिवसांनी, जरा थंड डोक्याने लिहावे.

तो बर्लिनला आणि मी पुण्यात. आमचा फोन त्याच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी सहाला होत असे. हिवाळ्यात तेव्हा कोथरूडमध्ये साडेदहा वाजलेले असत, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर पुढे गेली की साडेनऊ. माझे जेवण, ओटा आवरणे, आईशी दोन शब्द बोलणे, सगळे त्या वेळेच्या आधी उरकायचे. तेव्हा पत्रात सर्वांत आधी या वेळेचे काय करायचे ते ठरायला हवे होते. पहिल्या खर्ड्यात मी ‘अधूनमधून बोलत राहू’ असे लिहिले होते. वाचायला हे वाक्य फार गोड आहे, पण त्याचा प्रत्यक्ष परिणाम असा होतो की दोघेही त्याच वेळी फोन हातात घेऊन बसतात आणि आपण फोन करावा की नाही हे दोघांनाही कळत नाही. शेवटी मी लिहिले, ‘दिवाळीपर्यंत आपण एकमेकांना फोन करू नये. काकूंच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले की मात्र एका ओळीचा मेसेज नक्की कर.’ मैत्री राहील की नाही याबद्दल काहीच लिहिले नाही, कारण त्याची हमी त्या आठवड्यात कोणीच देऊ शकत नव्हते.

कारणाचा परिच्छेद जितका लहान तितका बरा. अंतरावर खापर फोडण्याचा मोह होतो, कारण अंतर उलटून उत्तर देत नाही. पण अंतर तर पहिल्या दिवसापासून होतेच. बदलले होते ते एवढेच की त्याने तिथेच राहायचे ठरवले होते आणि मी पुणे सोडणार नव्हते. हे मी जवळजवळ याच शब्दांत लिहिले. ‘तू इकडे आला असतास तर’ अशी सुरुवात होणारी वाक्ये मात्र एकूण एक काढून टाकली. अशा वाक्यात तक्रार नसली तरी वाचणाऱ्याला ती ऐकू येते, आणि मग तो उत्तरादाखल आपली बाजू मांडू लागतो, म्हणजे मिटलेली चर्चा पुन्हा सुरू होते.

आभार मानताना विशेषणे निरुपयोगी ठरतात. ‘तू खूप समजूतदार आहेस’ हे कोणालाही लिहिता येते, अगदी बदली होऊन चाललेल्या साहेबांनासुद्धा. सोबत फिरण्याच्या, सहलींच्या आठवणी आमच्याकडे थोड्या होत्या, आणि पत्रात सुरुवातीला मी त्याच भरल्या होत्या. पण आमचे नाते खरे तर फोनच्या आवाजातच गेले होते. कधी फोन ठरलेल्या वेळेआधीच आला, तर मी तो ओट्याला टेकवून स्वयंपाक करत असे आणि बोलण्याच्या नादात माझे कुकरकडे लक्ष नसे. तो तिकडे बसून शिट्ट्या मोजत असे आणि मध्येच वाक्य तोडून ‘तीन झाल्या, गॅस बंद कर’ असे सांगत असे. त्याच्या खिडकीखालून ट्राम गेली की मी थांबत असे, कारण त्या खडखडाटात त्याला माझे शब्द कळत नसत. पत्राचा मोठा भाग मी या शिट्ट्यांवर आणि ट्रामवरच लिहिला. इतर कोणत्याही माणसाला पाठवता येणार नाही, असा तेवढाच मजकूर त्यात होता.

पत्र कागदावर लिहून फोटो न काढता त्याचा मजकूर ईमेलने पाठवला, कारण हस्ताक्षर पाहून मन उगाच हळवे होते, आणि टपाल कधी पोहोचेल याची वाट पाहणे हीसुद्धा एक प्रकारची प्रतीक्षाच झाली असती. वेळ निवडताना त्याचे घड्याळ पाहिले. आपल्याकडची निवांत सकाळ ही तिकडची मध्यरात्र असते, आणि झोपमोड करून वाचलेले पत्र दिवसभर डोक्यात चुकीच्या सुरात वाजत राहते. म्हणून शनिवारी दुपारी पाठवले, म्हणजे त्याची सकाळ आणि पुढे दीड दिवस सुट्टी. रद्द केलेल्या तिकिटाचे परत आलेले पैसे, दोघांच्या नावावरचा फोटोंचा अल्बम आणि त्याचा माझ्याकडे राहिलेला स्वेटर यांबद्दल वेगळा मेसेज सोमवारी केला. त्याला त्याने लगेच, व्यवस्थित उत्तर दिले: पैसे अर्धे कर, अल्बम असू दे, स्वेटर तूच ठेव, पुण्यात डिसेंबरात लागेल.