तीस गोळ्या

रुग्ण गेल्यावर आठवडाभराने आम्ही नर्स त्याच्या घरी पुन्हा जातो. भेटायला जायचं असतंच, शिवाय उरलेलं मॉर्फिन मोजून परत आणायचं असतं. २०१४ साली अमली पदार्थांचा कायदा बदलला, तरी तालुक्याच्या औषधदुकानात ही गोळी अजून मिळत नाही. म्हणून आमच्याकडे एकेका गोळीचा हिशेब असतो.

हे आजोबा मिश्रीवाले. गालाचा कॅन्सर बाहेर फुटलेला, नाकातून नळी. जखमेच्या वासाने शेजारी अंगणात यायचे बंद झाले होते. मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून जखमेवर भुरभुरली की वास बराच कमी होतो. ते काम सून करायची. मुलगा मॉर्फिन द्यायचा, पाण्यात विरघळवून नळीतून. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ ला दहा मिलिग्रॅमची एकेक आणि रात्री १० ला दोन, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. पुण्याहून येणारे काका दर वेळी विचारायचे, "सवय लागेल ना?" ड्रेसिंगला मात्र ते कधी थांबले नाहीत.

शेवटच्या खेपेला चौऱ्याऐंशी गोळ्या दिल्या होत्या. नवव्या रात्री १० च्या दोन दिल्या आणि पहाटे ४ ला आजोबा गेले. मोजल्या तर बरोबर तीस उरल्या होत्या.

मुलगा म्हणाला, "सिस्टर, त्या दोन गोळ्यांनीच गेले ना ते?"

मी त्याला सगळं उलगडून सांगितलं. तीन आठवडे हाच डोस चालू होता. मॉर्फिन जास्त झालं तर माणूस आधी गुंगतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास मंदावत जातो. आजोबांची लघवी आदल्या दुपारीच थांबली होती, गुडघ्यांवर निळसर चट्टे आले होते, श्वास थांबून थांबून येत होता. शरीर मिटायला लागल्याची ती लक्षणं. तेव्हा बाहुल्याही नेहमीसारख्याच होत्या, मी बॅटरीने पाहिल्या होत्या.

त्याने ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाला, "देताना मनात आलं होतं, आता उठू नयेत. आणि गेल्यावर मी दहा तास झोपलो."

त्याला गोळीचं भय नव्हतंच. मीच उगाच बाहुल्या समजावत बसले होते. इतके महिने रात्री २ ला कण्हणं ऐकणाऱ्याच्या मनात हे येतंच, बहुतेक घरांत येतं, एवढं मी म्हणाले. त्याने मान हलवली. पटलं का, सांगता येत नाही. इच्छेने माणूस मरत नाही हे त्यालाही कळतं, पण कळल्याने ते सुटत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

सून चहा घेऊन आली. रोज दोनदा ती जखम धुणारी तीच, आणि तिला काय वाटतं हे सबंध दुपारभर कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं.

"मला बरं वाटतंय," ती म्हणाली. "भाड्याची कॉट न्यायला कधी येतील? पोरांना तिथं अभ्यासाला बसवायचंय."