सहलीआधीचा मेसेज

पाचवीची सहल अजिंठ्याला न्यायची ठरली तेव्हा पालकांच्या ग्रुपवर भरीत-पुरीचा बेत रंगला होता. हिवाळा, जळगावची वांगी आणि सहल, म्हणजे दुसरा बेत होणारच नव्हता. त्याच संध्याकाळी चिनूच्या आईचा मला फोन आला. चिनू हे त्याचं खरं नाव नाही. त्याला स्वमग्नता आहे, म्हणजे ऑटिझम. वर्गातली मुलं त्याला पहिलीपासून ओळखतात, पण त्यांच्या आईवडिलांना फक्त घरी पोहोचणाऱ्या गोष्टी माहीत: हा कान झाकतो, हा एकच प्रश्न दहादा विचारतो, मागच्या स्नेहसंमेलनात हा स्टेजवरून पळाला.

"मॅडम, यावेळी आधीच सांगून टाकू का सगळ्यांना?" त्या म्हणाल्या.

मी लगेच हो म्हटलं नाही. ही माहिती शाळेची नाही, त्यांच्या मुलाची आहे. काय सांगायचं, काय नाही आणि किती, हे आईवडिलांनी ठरवायचं. चिनूलाही विचारायचं होतं. तो म्हणाला, "कानाचं सांगा. रडतो ते नका सांगू." त्याच्या सांगण्यावरून 'रडणे' हा शब्द आम्ही वगळला.

त्याच्या आईने लिहिलेला मसुदा वाचून माझेच डोळे भरून आले, आणि तिथेच मला शंका आली. त्यात निदान कधी झालं, कोणते डॉक्टर, किती थेरपी, किती रात्री जागून काढल्या, सगळं होतं. वाचणाऱ्याला वाईट वाटलं असतं, पण बसमध्ये शेजारी बसलेल्या मुलाने काय करायचं ते एकाही ओळीत नव्हतं. नुसतं 'ऑटिझम आहे' एवढंच लिहिलं तर प्रत्येक जण मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहून आपल्या मनाने चिनू उभा करतो. म्हणून आम्ही दोघींनी उलट सुरुवात केली. त्या दिवशी कुठे काय घडेल हे आधी कागदावर उतरवलं.

अजिंठ्याला आपली गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या टी पॉइंटला उतरायचं आणि पुढचे चार किलोमीटर दुसऱ्या बसने जायचं. चित्रं असलेल्या लेण्यांत चपला-बूट काढावे लागतात, आत अंधार असतो, आवाज घुमतो आणि गर्दी असली की बाहेर थांबवतात. आपल्याला यात काही वाटत नाही. ठरलेलं बदललं, अचानक थांबावं लागलं किंवा आवाज अंगावर आला की चिनूचा तोल जातो. त्याचे वडील एका रविवारी जाऊन प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून आले. आईने ते ओळीने चिकटवून पट्टी केली: आपली बस, टी पॉइंट, दुसरी बस, पायऱ्या, बूट काढणे, लेणी, डबा, घर. सहलीच्या आधी रोज रात्री तो ती पट्टी वाचायचा.

शेवटी ग्रुपवर गेलेला मेसेज असा होता:

"नमस्कार. मी चिनूची आई. चिनूला स्वमग्नता आहे. हा आजार नाही, लागण होत नाही आणि आमच्या लाडाने किंवा धाकाने झालेली गोष्टही नाही. त्याचा मेंदू आवाज, स्पर्श आणि बदल वेगळ्या तऱ्हेने घेतो, जन्मापासूनच. स्वमग्नता असलेली सगळी मुलं सारखी नसतात, म्हणून मी फक्त चिनूबद्दल सांगते.

सहलीत तो कानांवर मोठे हेडफोन लावेल. गाणी नाहीत त्यात, आवाज कमी करायला आहेत. 'परत बस कधी?' असं तो सारखं विचारेल. एकदा नीट उत्तर दिलं तरी पुन्हा विचारेल, त्याने त्याला धीर येतो. बोलताना डोळ्यांत बघणार नाही, पण ऐकत असेल. भरीत तो खात नाही, त्याचा लिबलिबीतपणा सहन होत नाही. डबा घरून देईन, कृपया 'एक तरी घास' असा आग्रह नको.

कधी कधी सगळं असह्य झालं की तो खाली बसतो, ओरडतो, स्वतःच्या मांडीवर मारतो. तो हट्ट नसतो. त्या वेळी समजावून उपयोग नसतो. मुलांना एवढंच सांगा: थोडं लांब व्हा, गराडा घालू नका, फोटो-व्हिडिओ काढू नका, मोठ्या माणसाला बोलवा. मागून अचानक हात लावू नका. तो एकटा कुठे चालत निघालेला दिसला तर लगेच मॅडमना सांगा.

त्याचे वडील सोबत येणार आहेत. काही विचारायचं असेल तर मला फोन करा. हा मेसेज ग्रुपबाहेर पाठवू नका, ही विनंती."

बराच वेळ ग्रुपवर कोणी काही बोललं नाही. मग हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. खरे प्रश्न मात्र फोनवर आले. एका वडिलांनी मला थेट विचारलं, "मॅडम, तो दुसऱ्या पोरांना मारतो का?" मी सांगितलं, तो स्वतःला मारतो, पण त्याला कोणी पकडून धरलं तर सुटायला हात झटकेल, म्हणून लांब राहायचं. प्रश्न रास्त होता आणि मी गोड बोलून वेळ मारून नेली असती तर पुढचं काही त्यांनी ऐकलं नसतं. एका आजीने चिनूच्या आईला नजर काढायला सांगितली. तिने आजींना "हो" म्हटलं आणि विषय संपवला. सगळ्यांना सगळं पटवायचं हे त्या मेसेजचं काम नव्हतंच.

सहलीच्या दिवशी टी पॉइंटवर काहीच झालं नाही, ज्याची मला सर्वांत जास्त धास्ती होती. पट्टीतल्या फोटोशी बस जुळवून चिनू चढला. अडलं ते पहिल्या लेण्यापाशी. आत आधीचा गट होता, म्हणून चौकीदाराने आम्हाला बाहेर थांबवलं. बूट काढून झाले होते आणि पट्टीत बुटांनंतर थेट लेणी होती. मध्ये थांबण्याचा फोटो नव्हता.

"बूट. लेणी. बूट. लेणी." आवाज चढत गेला. मग तो खाली बसला. वडिलांनी शेजारी बसून हेडफोन नीट केले आणि बोलणं बंद केलं. आमच्या वर्गातली मुलं न सांगता भिंतीकडे सरकली. गराडा घातला तो बाहेरच्या पर्यटकांनी. एकाने मोबाईल वर धरला, तेव्हा आमच्याच एका मुलीने त्याला सुनावलं, "काका, व्हिडिओ नाही काढायचा. त्याला जागा लागते." 'मारतो का' विचारणाऱ्या गृहस्थांची ती मुलगी. एक बाई "काय व्हयनं पोऱ्याले?" म्हणत पाणी घेऊन जवळ आल्या, त्यांना मी हळूच बाजूला घेतलं.

शांत व्हायला वीसेक मिनिटं लागली. त्यानंतर तो पार गळून गेला, अशा प्रसंगानंतर हे होतंच. लेण्यात नेण्याचा आग्रह आम्ही धरला नाही. वडिलांबरोबर तो सावलीत बसला, आम्ही वर्ग पुढे नेला. निजलेल्या बुद्धाची सव्वीसावी लेणी त्याने पाहिली नाही. दुपारी सगळ्यांनी भरीत खाल्लं, त्याने पोळी आणि गूळ, आणि कोणीही "एक घास" म्हटलं नाही.

पट्टीत आता 'थांबणे' असं लिहिलेलं एक कोरं चित्र आहे, ते कुठेही सरकवता येतं. जूनमध्ये वर्गशिक्षक बदलले आणि नव्या पालकांचा ग्रुप झाला. जुना मेसेज नव्या ग्रुपवर टाकू का, असं कोणीतरी मला विचारलं. मी नाही म्हटलं आणि चिनूच्या आईचा नंबर दिला. तिने चिनूला विचारलं. त्याचं म्हणणं, कानाचं आता सगळ्यांना माहीत आहे, भरताचं तेवढं सांगा.