दिवाळीनंतर, की जूनमध्ये?

"वर्गातली मुलं लेकाला फार छळतात. आत्ताच मध्येच शाळा बदलू, की वार्षिक परीक्षा होऊ देऊ?"

मी आधी मुलाच्या पाण्याच्या बाटलीबद्दल विचारते. सहावीतल्या एका मुलाची बाटली रोज भरलेलीच घरी यायची. आईला वाटायचं, विसरतो. खरं तर तो मुद्दाम पाणी पीत नव्हता, कारण मधल्या सुट्टीत तीन-चार जण त्याला मुतारीत कोंडायचे. मूल तहान मारून दिवस काढत असेल, तर जूनची वाट बघू नका. जेवण तुटलं, झोप तुटली, "मला जगायचंच नाही" असं बोललं, तर शाळा ठरेपर्यंतही पाठवू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

त्रास टोमण्यांपुरता असेल, तर शाळेला एक संधी द्यावी, पण लेखी. कधी, कुठे, कोणी, काय केलं, हे मुख्याध्यापकांच्या नावे अर्जात लिहा आणि पोच घ्या. त्या सहावीतल्या मुलाच्या आईनेही अर्ज दिला होता. शाळेने त्याला आणि त्या मुलांना समोरासमोर उभं करून "सॉरी म्हण, हात मिळव" केलं. दुसऱ्या दिवशी मार वाढला. यावरूनच शाळेची पारख होते. काम करणारी शाळा मुतारीपाशी शिक्षक उभा करते, बाक बदलते, त्या मुलांच्या पालकांना वेगळं बोलावते आणि आठवड्याने तुम्हाला स्वतःहून फोन करते. पंधरा दिवसांत यातलं काही दिसलं नाही, तर पुढच्या सहा महिन्यांतही दिसणार नाही.

बदलायचंच ठरलं तर सहामाही परीक्षेनंतर, दिवाळीच्या सुट्टीत बदलणं सोपं जातं. पहिल्या सत्राचे गुण हातात असतात आणि नव्या शाळेत दुसरं सत्र सगळ्यांसोबत सुरू होतं. जानेवारी उजाडला असेल आणि त्रास सोसण्याजोगा असेल, तर मात्र मी थांबा म्हणते. नववी-दहावीत बोर्डाची नोंदणी आडवी येते, तिथे आधी नव्या शाळेत विचारून घ्या.

रागाच्या भरात दाखला काढू नका. आधी नव्या शाळेत जागा पक्की करा, मग जुन्या शाळेत अर्ज द्या. आठवीपर्यंत सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाताना शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ तुमच्या बाजूने आहे: मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यायचा असतो, आणि तो उशिरा मिळाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. खासगी विनाअनुदानित शाळेत मात्र जागा असेल तरच.

तो मुलगा दिवाळीनंतर जवळच्या अनुदानित शाळेत गेला. आईने वर्गशिक्षिकेला सगळं आधीच सांगितलं होतं, म्हणून बाईंनी त्याला दोन शांत मुलांच्या मधे बसवलं. गणितात तो मागे पडला, भूमितीचे दोन धडे घरी करून घ्यावे लागले. पाणी मात्र तो पहिल्याच आठवड्यात प्यायला लागला.