सात रुपयांसकट चेक

"मॅडम, खर्च ६,४३७ झालाय तर सरळ सात हजारांचा चेक काढा ना. सुटे सात रुपये मागायला बँकेत कशाला जायचं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ते सात रुपये सोडले तर माझी पेटी कॅश, म्हणजे ऑफिसच्या किरकोळ खर्चाची रोकड, बरोबर आहे की नाही, हे ताडून बघायला हातात काहीच उरत नाही.

आमचं ऑफिस छोटं, नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत. माझ्याकडे किल्लीचा एक डबा आहे आणि त्याची रक्कम ठरलेली आहे, १०,००० रुपये. यालाच इम्प्रेस्ट म्हणतात. कॉमर्सवाल्यांनी पुस्तकात 'अग्रधन पद्धत' वाचली असेल, ती हीच. पहिल्या दिवशी दहा हजार मिळतात. त्यानंतर जेवढा खर्च झाला तेवढेच परत मिळतात, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. त्यामुळे साहेबांनी कुठल्याही दिवशी, भर दुपारी येऊन डबा उघडायला सांगितला, तरी आतली रोकड आणि खर्चाची व्हाउचरं यांची बेरीज दहा हजारच यायला हवी. मागच्या महिन्याचा हिशोब काढत बसावं लागत नाही.

आता तुमचे सात हजार घेऊन बघू. डब्यात ३,५६३ उरलेत. त्यात सात हजार टाकले की झाले १०,५६३. पुढच्या वेळी ५,८१० खर्च झाला आणि मी सहा हजार घेतले, की १०,७५३. असं चार-सहा वेळा झालं की डब्यात किती असायला हवेत हे मला तोंडपाठ सांगता येत नाही, पार मागे जाऊन मोजावं लागतं. मग त्यातले दोनशे रुपये कुठे गेले, तर कुणालाही पत्ता लागत नाही. राउंड फिगरमध्ये तूट छान लपते, आणि लपलेली तूट शेवटी डबा सांभाळणाऱ्याच्याच नावावर येते. म्हणून हा हट्ट ऑफिसपेक्षा माझ्या सोयीचा आहे, असंच समजा.

या ६,४३७ ची फोड अशी होती: चहापाणी २,१४०, टपाल-कुरिअर १,२६५, रिक्षा-बस १,१८०, स्टेशनरी आणि झेरॉक्स १,३२२, साफसफाईचं सामान ५३०. किरकोळ रोख वहीत या प्रत्येकाचा वेगळा रकाना असतो. प्रत्येक ओळीला तारीख, व्हाउचर नंबर आणि एकूण रक्कम, मग तीच रक्कम ज्या त्या रकान्यात पुन्हा. पान संपलं की रकान्यांच्या बेरजा आडव्या मिळवायच्या, त्या एकूण रकान्याशी जुळायला हव्यात.

व्हाउचरचं म्हणाल तर दुकानाचं बिल असेल तर ते मागे पिनअप करायचं. रिक्षाचं बिल मिळत नाही, तिथे छापील व्हाउचरवर कुठून कुठे, कशासाठी आणि पैसे घेणाऱ्याची सही. नुसतं 'प्रवास १२०' लिहिलेलं मी घेत नाही. हल्ली शिपाई स्वतःच्या फोनवरून यूपीआय करतो आणि स्क्रीनशॉट दाखवून माझ्याकडून रोख नेतो. हरकत नाही, पण स्क्रीनशॉटवरून पैसे गेले एवढंच कळतं, काय घेतलं ते कळत नाही. बिल लागतंच.

चेक मागण्याआधी डबा मोजायचा. त्या दिवशी गंमत झाली. मी रजेवर असताना एका सहकाऱ्याने वही लिहिली होती. वहीप्रमाणे खर्च ६,३९२, म्हणजे डब्यात ३,६०८ हवेत. मोजले तर पाचशेच्या पाच नोटा, दोनशेच्या तीन, शंभराच्या तीन, पन्नासच्या दोन, दहाच्या पाच आणि तेरा रुपयांची नाणी, मिळून ३,५६३. पंचेचाळीस कमी. सहकारी बिचारा खिशात हात घालून म्हणाला, मी टाकतो. मी म्हटलं, थांब. पंचेचाळीसला नवाने भाग जातो, आणि असा फरक आला की आधी आकडे उलटे लिहिलेत का ते बघायचं. व्हाउचरं आणि वही शेजारी ठेवून एकेक टिक करत गेलो. कुरिअरचं बिल १७२ चं, वहीत १२७. ते दुरुस्त केल्यावर खर्च ६,४३७ झाला आणि डबा जुळला. त्याने खिशातून पंचेचाळीस टाकले असते तर डबा तेवढ्यापुरता जुळला असता, वही चुकीचीच राहिली असती आणि त्याचे पैसे गेले असते ते वेगळेच.

शोधूनही फरक सापडला नाही, तर 'रोकड तूट' म्हणून व्हाउचर करून साहेबांची सही घ्यायची. जास्त निघाले तरी तसंच लिहायचं. चहाच्या डब्यात वेगळे काढून ठेवायचे नाहीत.

कुणी पाचशे रुपये उचलून आरटीओत गेलं असेल, तर सहीची कच्ची चिठ्ठी डब्यात. परत येईपर्यंत ती चिठ्ठी म्हणजे रोकडच. पण तो खर्च नव्हे, म्हणून चेकच्या रकमेत ती धरायची नाही.

मग व्हाउचरं क्रमाने लावून, वर गोषवारा जोडून साहेबांकडे. त्यांनी बघितलं की प्रत्येक व्हाउचरवर 'पेड'चा शिक्का, नाहीतर तेच बिल पुढच्या महिन्यात पुन्हा वर येतं. ६,४३७ चा सेल्फचा चेक काढायचा. डबा रिकामा होईपर्यंत थांबू नका, साहेब गावाला गेलेले असतात आणि सही अडते. तीनेक हजार उरले की मी कागद तयार करते.

टॅलीत नोंदीचे दोन रस्ते आहेत. एक, रोजचं प्रत्येक व्हाउचर पेटी कॅशमधून पेमेंट म्हणून टाकायचं आणि चेक आला की बँकेतून पेटी कॅशला काँट्रा. दुसरा, रोज फक्त वही लिहायची आणि चेक निघाला की खर्चाची खाती नावे, बँक जमा. यात पेटी कॅशचं खातं वर्षभर दहा हजारांवरून हलत नाही. कुठलाही धरा, पण एकच धरा. एका ठिकाणी मी दोन्ही चालू असलेले पाहिले. रोजच्या एंट्र्याही होत्या आणि चेकही थेट खर्चाला. चहापाणी दुप्पट दिसत होतं. पकडलं कसं, तर डब्यात नोटा होत्या आणि स्क्रीनवर पेटी कॅश मायनसमध्ये.

दुसरा रस्ता धरलात तर ३१ मार्चला खर्च आठशेच झालेला असला तरी चेक काढून नोंद करा. नाहीतर मार्चचा चहा एप्रिलमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षात जातो. आणि दहा हजार खरंच पुरत नसतील, दर आठवड्याला कागद करावा लागत असेल, तर साहेबांना सांगून रक्कम पंधरा हजार करून घ्या. त्यासाठी पाच हजारांचा वेगळा चेक, वेगळी नोंद, आणि वहीत त्या तारखेला त्यांची सही. खर्चाच्या चेकमध्ये तो मिसळायचा नाही.