जवळचा चष्मा आणा

आईच्या वकिलांचे कारकून अण्णा फोनवर ‘हॅलो’ म्हणत नाहीत. सोमवारी दुपारी आईचा फोन वाजला आणि पलीकडून थेट आलं, "ताई, उद्याची गाडी धरू नका. साहेब रजेवर आहेत." मग मंगळवारी, मी जेवून जरा आडवा झालो होतो तेव्हा, दुसरा फोन. "सव्वीस घेतलीय. पुराव्यालाच आहे. लिहून घ्या."

आई लिहून घेत नाही. ती कालनिर्णयकडे बघते आणि "बरं" म्हणते. लिहायचं काम माझं.

मी मोबाइलवर कोर्टाचं ॲप उघडून बघितलं. आईच्या दाव्याचा सोळा अक्षरांचा तो लांबलचक सीएनआर नंबर टाकला, तर पुढची तारीख अजून बाराच. बारा म्हणजे तो मंगळवारच. ॲपला कळायला संध्याकाळ होते, अण्णांना दुपारी कळतं, कारण अण्णा शिरस्तेदारांच्या टेबलाशी उभे असतात. साहेब, म्हणजे न्यायाधीश, रजेवर असले की त्या दिवशीचा सगळा बोर्ड, म्हणजे दाव्यांची यादी, प्रभारी साहेबांपुढे जातो. ते जामीन, मनाई असलं तातडीचं बघतात आणि बाकीच्यांना पुढची तारीख मिळते. त्या वेळी जो टेबलाशी असेल त्याला सोयीची तारीख पदरात पाडून घेता येते. नसेल त्याला पडेल ती.

लहानपणी हे सगळं पोस्टकार्डावर यायचं. आजोबांचा बांधाचा दावा होता. त्यांच्या वकिलांचे कारकून निळ्या शाईत, ओळीवर ओळ चढवून लिहीत : आपले कामी तारीख अमुक नेमली आहे, साक्षीदारांसह हजर राहावे, खर्चाचे पाहावे. ‘खर्चाचे पाहावे’ प्रत्येक कार्डावर असायचं. आजोबा कार्ड दोनदा वाचत आणि माजघरातल्या तारेला टोचून ठेवत. तारीख बदलल्याचं कार्ड कधी कधी जुनी तारीख उलटून गेल्यावर यायचं. तोवर आजोबा तालुक्याला जाऊन, पुकाऱ्याची वाट बघून, भजी खाऊन परत आलेले असायचे. त्याचं त्यांना काही वाटल्याचं मला आठवत नाही. भजी चांगली असायची.

आईचा दावा वाटपाचा आहे. माहेरची जमीन, प्रतिवादी मामा, आईचा दादा. आजोबा गेले तेव्हा फेरफारावर एकट्या मामाचं नाव चढलं आणि तलाठ्याच्या कागदावर आईची सही घेतली गेली, असं मामाच्या कैफियतीत म्हटलंय. आई म्हणते, तेराव्याच्या गडबडीत कुणी काय पुढे केलं आणि आपण कशावर सही केली, ते आठवत नाही. सगळा दावा या एका सहीभोवती फिरतोय. तिची बाजू सांगणारं सरतपासाचं शपथपत्र मागेच दाखल झालं. आता समोरच्या वकिलांचा उलटतपास.

आईला फक्त ‘कधी’ हवं असतं. अण्णांचा भर ‘कशाला’ यावर. नुसती हजेरीची तारीख असेल तर वकील सांभाळून नेतात, पक्षकार घरी बसला तरी चालतं. पुराव्याच्या तारखेला वादीच गैरहजर राहिली तर तारीख पुढे ढकलायला मुदतीचा अर्ज द्यावा लागतो, खर्च बसतो, आणि साहेब कंटाळले तर दावा काढूनही टाकतात. मग तो परत बोर्डावर आणायला तीस दिवसांत अर्ज. साहेबांच्या रजेने गेलेली तारीख मात्र कुणाच्या खात्यावर चढत नाही. एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत असं कायद्यात आहे, आणि अण्णा त्या तीन अगदी रेशनच्या साखरेसारख्या वापरतात.

मग काय काय आणायचं त्याची यादी आली. मी उताऱ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत होतो. ते अण्णांना कसं कळलं देव जाणे, पण पहिलाच प्रश्न, "सातबारा कुठला आणताय?"

नेटकॅफेतून काढलेला, मी म्हटलं.

"त्यावर खाली काय लिहिलंय वाचा." खाली लिहिलं होतं की हा उतारा फक्त माहितीसाठी आहे. "तो घरी राहू द्या. पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा काढा. आणि फेरफाराची झेरॉक्स नको. तहसीलमधून सहीशिक्क्याची नक्कल घ्या, आजच अर्ज टाका. जुनं रेकॉर्ड आहे, शोधायला वेळ लावतात." मृत्यूदाखला मूळ. आधार मूळ. शपथपत्राची आपली प्रत घरी एकदा शांतपणे वाचून या, पण पाठ करून येऊ नका. पाठ केलेलं साहेबांना दोन वाक्यांत कळतं.

इथवर ठीक होतं. मग ते म्हणाले, "ताई, चष्मा आणा. लांबचा नाही, जवळचा."

आईला वाटलं चेष्टा करतायत. पण अण्णा चेष्टा करत नाहीत. त्यांनी सांगितलं ते असं : समोरचे वकील फेरफाराचा कागद पुढे करणार आणि विचारणार, ही सही तुमचीच ना? चष्मा नसलेला माणूस कागद हातभर लांब धरतो, कोर्टात सगळे आपल्याकडे बघतायत म्हणून ओशाळतो आणि म्हणतो, "असेल माझीच." जबाबात ‘असेल’ उतरत नाही. तिथे टाइप होतं, ‘हे म्हणणे खरे आहे की, सदर कागदावरील सही माझी आहे.’ मग जबाब वाचून बघायला देतात, तोही चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि त्याखाली मात्र खरोखरची सही होते. "दिसलं तर दिसलं म्हणा. नाही आठवत तर नाही आठवत म्हणा. असेल, वाटतं, बहुतेक, हे शब्द त्या दिवशी घरी ठेवून या."

मला हे फार आवडलं. एवढी वर्षं खटल्यांच्या गोष्टी ऐकतोय, पण त्यात कायद्याची कलमं असतात, युक्तिवाद असतो, मोठे वकील असतात. प्लस अडीचचा चष्मा कुणी सांगत नाही. अण्णांनी किती जणांना ‘असेल’ म्हणताना पाहिलं असेल, हे विचारायचं राहून गेलं.

आई विचारत होती, डबा आणू का. आणा, पण आधीच खाऊन घ्या, अण्णा म्हणाले. उलटतपास जेवणाच्या सुट्टीच्या अलीकडे सुरू होऊन पलीकडे गेला, तर मधल्या वेळात तुम्ही शपथेवर असता. वकीलसाहेबांशी साक्षीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, आणि ते बोलायला आले नाहीत म्हणून रुसायचं नाही. साडेदहाला आवारात या. आणि शेवटचं, "त्यांच्या बाजूच्या कुणाशी बोलत बसू नका. उगाच काहीतरी निघतं आणि ते प्रश्नात येतं."

आई जरा थांबली. मग म्हणाली, "अण्णा, साडेदहाला पोचायचं तर साडेआठची गाडी. दादा पुढच्या स्टॉपवर त्याच गाडीत चढतो. दुसरी गाडी कुठाय?"

अण्णा म्हणाले, ते गाडीचं मला नका विचारू, आणि फोन ठेवला.